दहा सीलबंद किटं

ऑफिसात मला भिंग म्हणतात. तोंडावर नाही, पण मला ठाऊक आहे. विम्याच्या दाव्यांचे कागद वाचणं हे माझं काम. लोक जिथे सही करून मोकळे होतात, तिथे मी तळाची बारीक अक्षरं वाचत बसते. या नावाचा मला कधी राग आला नाही. उलट थोडी ऐटच होती. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना माझी कुणाला दया यायला नको.

बाबा गेल्यावर आई आमच्याकडे राहायला आली. तीन वर्षं तिने बाबांचं सगळं अंथरुणातच केलं होतं. औषध रात्री दहाला, मग दोनला, मग पहाटे सहाला. बाबा गेले, औषधं गेली, पण आई दोनला उठायची ती उठायचीच. उठून पलंगाच्या कडेला बसायची. डोळ्यांखाली काळी वर्तुळं आणि चेहरा असा ओढलेला, की शेजारणी मला विचारायच्या, आई आजारी आहेत का.

मी डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, दिवसा झोपू देऊ नका, म्हणजे रात्री झोप लागेल. मी त्याचं वेळापत्रक केलं आणि फ्रिजवर चिकटवलं. पाचनंतर चहा नाही. संध्याकाळी अर्धा तास चालणे. दुपारी झोपणे नाही. शेवटच्या ओळीखाली मी दोन रेघा मारल्या होत्या. दुपारी ऑफिसातून फोन करून मी विचारायचे, "झोपली नाहीस ना?" आई म्हणायची, "नाही गं बाई, जागीच आहे." माझा नवरा एकदा म्हणाला, "तू आईंना शाळेत घातलंयस का?" त्याला काय जातंय बोलायला!

मग मला सुचलं, आईला पार्लरचं पॅकेज द्यायचं. आयुष्यात ती भुवया करण्यापलीकडे कधी पार्लरची पायरी चढली नव्हती. पंधरा दिवसांनी एकदा फेशियल, डोक्याला मसाज, कुणीतरी तिचं करतंय, तिने नुसतं पडून राहायचं. कल्पना चांगलीच होती. अजूनही मला ती चांगली वाटते. घोळ पुढे झाला.

आता पॅकेज घ्यायचं म्हटल्यावर मी काय सरळ घेणार होते? तीन ठिकाणी गेले. मोठ्या रस्त्यावरच्या काचेच्या सलूनचं पत्रक होतं, 'एकवीस सेवा'. मोजायला बसले तर भुवया एक, वरचा ओठ एक, हनुवटी एक, केस धुणं एक आणि धुतलेले केस वाळवणं हीसुद्धा एक! म्हणजे ओले केस घेऊन घरी जायचं असेल तर वीसच. फेशियल त्यात दोनच होती. उत्पादनांपुढे मोठ्या कंपनीचं नाव आणि त्यापुढे 'किंवा तत्सम'. या 'तत्सम'मध्ये काहीही मावतं, हे मला माझ्या धंद्यामुळे माहीत. मुदत सहा महिने, पण पैसे भरल्या दिवसापासून, पहिल्या बैठकीपासून नाही. शनिवार-रविवार चालणार नाही, दुसऱ्याला देता येणार नाही, उरलेल्या बैठकांचे पैसे परत नाहीत. काउंटरवरच्या मुलीला मी एवढं विचारलं की ती शेवटी "मॅनेजरना बोलावते" म्हणाली आणि परत आलीच नाही.

दुसऱ्या ठिकाणी मोठे डबे उघडे पडलेले. क्रीम कुठल्या कंपनीचं आणि त्यात भरलंय काय, देव जाणे. तिथून मी उभ्या उभ्याच परतले.

तिसरं म्हणजे आमच्याच गल्लीतलं. एका बाईचं, एका खोलीचं. दोन खुर्च्या, पडद्याआड एक पलंग, भिंतीवर आरसा आणि आरशाच्या कोपऱ्यात खोचलेलं तिच्या कोर्सचं प्रमाणपत्र. गल्लीतल्या सगळ्या बायका तिला ताई म्हणतात. वयाने ती माझ्याएवढीच असेल. बोलणं कमी. पत्रक नाहीच. मी पॅकेज विचारलं, तर वहीतून एक पुठ्ठ्याचं कार्ड काढलं, त्यावर दहा चौकोन होते.

"दहा बैठका," ती म्हणाली. "फेशियल आणि डोक्याचा मसाज. झाली की खूण करायची."

"मुदत?"

"संपेपर्यंत."

"असं कसं? लेखी हवं. पहिल्या बैठकीपासून सहा महिने असं लिहा. आणि फेशियल कुठल्या मालाने करणार?"

तिने एका चांगल्या कंपनीचं नाव सांगितलं. मी म्हटलं, मोठ्या डब्यातलं नको, एका वेळेचं सीलबंद किट हवं. त्यात क्लीन्सर, स्क्रब, मसाज क्रीम, पॅक, सगळ्याच्या वेगळ्या पुड्या असतात, एका माणसाला एक किट, उरवाउरवीचा प्रश्न नाही. आणि ते आईच्या समोर फोडायचं. ताई म्हणाली, "मागवते." दहा किटं आली त्या दिवशी मी स्वतः जाऊन प्रत्येकावरची एक्सपायरी वाचली, पुढच्या वर्षीची होती. ती दहा किटं एका डब्यात ठेवून डब्यावर चिकटपट्टी लावून घेतली आणि त्यावर लिहून घेतलं, 'आईंचं'. त्याआधी एका किटाची कड फाडून त्यातलं क्रीम आईच्या हाताच्या आतल्या बाजूला लावून बघायला लावलं, एक दिवस थांबायला लावलं. काही उठलं नाही. ताईने हे सगळं मुकाट्याने केलं. एकदाच म्हणाली, "तुम्ही फार बारीक बघता."

मला ते कौतुकच वाटलं.

आई गुरुवारी दुपारी तीनला जायला लागली. साडेचारला परत. मी घरी आले की पहिला प्रश्न, "काय काय केलं?" पहिल्या दिवशी तिला धड सांगता येईना. "केलं गं सगळं. छान वाटलं." मी म्हटलं, असं नाही, नीट सांग, नाहीतर आपण फसतोय की नाही कळणार कसं? आधी क्लीन्सर, मग स्क्रब, मग वाफ, मग मसाज, मग पॅक. पॅक वीस मिनिटं ठेवला का? किट तुझ्यासमोर फोडलं का? ती गोंधळली, मग म्हणाली, "हो हो, फोडलं." पुढच्या वेळेपासून मात्र तिला सगळं ओळीने यायला लागलं. मी विचारायचा अवकाश, ती घडाघडा म्हणून दाखवायची. मी नवऱ्याला सांगितलं, बघ, आई किती लक्ष देते.

सहाव्या बैठकीच्या आदल्या दिवशी आईला कपाटाचं दार लागलं. हनुवटीवर जरासं खरचटलं. मी त्यावर चिकटपट्टी लावली, औषधांच्या दुकानात मिळते ती, साधी. दुसऱ्या दिवशी गुरुवार. मी संध्याकाळी घरी आले, आईने घडाघडा सांगितलं. क्लीन्सर, स्क्रब, दहा मिनिटं वाफ, मसाज, वीस मिनिटं पॅक. आणि तिच्या हनुवटीवर माझी पट्टी जशीच्या तशी! कोपरासुद्धा सुटलेला नाही, कोरडी ठणठणीत.

दहा मिनिटांच्या वाफेत पट्टी टिकेल का? स्क्रब केल्यावर? रात्री तिच्या पर्समधून कार्ड काढून बघितलं. सहा चौकोनांत सहा खुणा. आणि त्या पेन्सिलने केलेल्या. पेनने नाही. माझ्या डोक्यात दिवाच पेटला. पेन्सिलने खुणा कोण करतं? ज्याला पुढे खाडाखोड करायची असते तो. आमच्याकडे पेन्सिलने भरलेला कागद आला तर आम्ही तो हातातसुद्धा घेत नाही.

आईला विचारावं, हे मनात आलंच नाही असं नाही. पण मी स्वतःलाच समजावलं. आई भोळी, त्या बाईने तिला पढवलं असणार, उगाच तिचं मन का दुखवा. मी तिची वकील झाले आणि अशिलाला न विचारताच कोर्टात गेले.

शनिवारी सकाळी पार्लर भरलेलं होतं. मला तेच हवं होतं. एका खुर्चीत आमच्या गल्लीतल्या हेडबाई बसल्या होत्या. मुलींच्या शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या, निवृत्त झाल्यात, पण अजून सगळे हेडबाईच म्हणतात. डोक्याला केसांचा रंग लावलेला, वर प्लास्टिकची टोपी, अंगाला काळा एप्रन. दुसऱ्या खुर्चीत एक जण पाय टबात बुडवून बसलेली आणि बाकावर दोघी नंबर लावून.

मी कार्ड काउंटरवर ठेवलं. "माझ्या आईच्या किती बैठका झाल्या?"

"सहा," ताई म्हणाली.

"मग डब्यात किटं किती उरायला हवीत?"

एक क्षण तिने माझ्याकडे बघितलं. आता आठवलं की वाटतं, त्या नजरेत ती मला थांबायची संधी देत होती.

"डबा काढा," मी म्हटलं.

तिने खालच्या कप्प्यातून डबा काढला. माझी चिकटपट्टी तशीच होती. मी ती सगळ्यांदेखत नखाने सोडवली आणि किटं एकेक करून काउंटरवर मांडली. एक, दोन, तीन. मोठ्याने मोजत होते, बाकावरच्या बायकांना ऐकू जावं म्हणून. दहा. दहाच्या दहा सीलबंद, फक्त एकाची कड फाटलेली, ती हाताला लावून बघितली त्याची.

"बैठका सहा आणि किटं दहा," मी म्हटलं. "माझ्या आईच्या चेहऱ्यावर मग सहा वेळा काय चोपडलंत? की काहीच नाही? आणि या खुणा पेन्सिलने का? म्हातारी बाई बघून करता का हे सगळ्यांचं, की आमच्यावरच मेहेरबानी?"

टबात पाय घातलेल्या बाईने हळूच एक पाय बाहेर काढला.

ताईचा चेहरा लाल झाला होता. तिने विचारलं, "तुम्ही आईंना विचारलंत का?"

"आईला काय कळतंय त्यातलं!"

हे मी बोलले. चार बायकांसमोर, खणखणीत आवाजात. दुसरं काही विसरता आलं तर येईल, हे वाक्य कसं विसरायचं ते मला माहीत नाही.

ताईने ड्रॉवर उघडला आणि दहाही बैठकांचे पैसे परत केले. चारांचे नाही, दहांचे. मला वाटलं, ही कबुलीच झाली. पैसे घेतले, किटांचा फोटो काढला आणि पार्लरच्या पायरीवर उभी राहूनच गल्लीतल्या बायकांच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, 'सहा फेशियल झाल्याच्या खुणा, किटं मात्र दहाच्या दहा. मैत्रिणींनो, डोळे उघडे ठेवा.' लगेच अंगठे यायला लागले. एकीने लिहिलं, बरं झालं सांगितलंस, मी आजच पॅकेज घेणार होते. मला केवढं बरं वाटलं!

तेवढ्यात मागून कुणीतरी माझा दंड धरला. हेडबाई. तशाच बाहेर आल्या होत्या, डोक्यावर टोपी, कानामागून रंगाचा एक ओघळ मानेवर येत होता, एप्रनचे बंद लोंबत होते. येणारे-जाणारे बघत होते. त्यांना पर्वा नव्हती.

"तू शहाणी आहेस ना?" त्या म्हणाल्या. "मग ऐक. मी गुरुवारी दुपारी इथे डोक्याच्या मसाजला असते. तुझ्या आईचं फेशियल झालेलंच नाही. एकदाही नाही. कारण तुझी आई इथे येते आणि झोपते."

"झोपते?"

"पहिल्या दिवशी ताईने डोक्याला हात लावला, पाच मिनिटांत घोरायला लागल्या. आता उठवायचं कुणी? तासभर झोपल्या. उठल्या तेव्हा रडकुंडीला आल्या होत्या. म्हणाल्या, लेकीला सांगू नका, तिने दुपारी झोपायला बंदी केलीय, त्यात पैसे भरलेत, ती म्हणेल पैसे वाया घालवले. तेव्हापासून हेच चाललंय. ताई पडदा ओढते, ड्रायर बंद ठेवते, आम्हाला कुजबुजत बोलायला लावते. मी चाळीस वर्षं वर्ग गप्प केले, मला या बाईने गप्प केलंय." त्यांनी मानेवरचा ओघळ एप्रनने पुसला. "आणि निघताना ताई त्यांची उजळणी घेते. आधी काय, मग काय. वाफ किती मिनिटं, पॅक किती मिनिटं. मुलगी विचारते म्हणे. चुकल्या तर पुन्हा पहिल्यापासून. एवढी घाबरलेली पोर मी तोंडी परीक्षेलासुद्धा बघितली नाही."

मी काहीतरी बोलायला गेले. "मग ताईंनी आत्ता सांगितलं का नाही?"

"शब्द दिला होता तुझ्या आईला. आता मी सांगितलंय, मी कुणाला शब्द दिला नव्हता. आणि आईला यातलं काही कळू द्यायचं नाहीस." असं म्हणून त्या आत गेल्या. रंगाची वेळ झाली होती.

हातातल्या फोनवर अंगठे येतच होते.

लाज अशी एकदम येत नाही, हे मला त्या दिवशी कळलं. आधी मी भांडले, मनातल्या मनात. काम न करता खुणा कशाला? आईने सरळ सांगायचं ना. किटं दहा होती हे तर खरंच होतं. माझं गणित कुठे चुकलं? गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन मी परत फिरले, पुन्हा गेले. गणित चुकलेलं नव्हतं. पट्टी, खुणा, किटं, सगळं मी बरोबर वाचलं होतं. फक्त तीन वर्षं न झोपलेली बाई माझ्या घरात झोपायला घाबरते, एवढं मला वाचता आलं नाही. मग मात्र कानशिलं तापली. रस्त्यावरचा प्रत्येक माणूस माझ्याकडे बघतोय असं वाटायला लागलं आणि मी फोन बघण्याचं नाटक करत एका बंद दुकानासमोर उभी राहिले.

घरी गेले तर आई भाजी निवडत होती. हनुवटीवर अजून तीच पट्टी. "उशीर झाला का गं?" तिने विचारलं. मला तिच्याकडे बघवेना. कार्ड परत पर्समध्ये ठेवायचं होतं, आणि ते तर मी काउंटरवरच टाकून आले होते.

ग्रुपवर लिहिलं, 'मघाचा मजकूर चुकीचा होता. ताईंची काही चूक नाही. माझी झाली. मी त्यांची माफी मागते.' लगेच प्रश्न. म्हणजे काय? किटं दहा नव्हती का? होती. मग? मग काय सांगणार! मी जन्मभर कारणं मागितली लोकांकडून, आधार मागितले, पुरावे मागितले, आणि आता मला एकही कारण देता येत नव्हतं. एकीने विचारलं, 'काय गं, फुकट फेशियल मिळालं वाटतं?' पुढे हसणारे चेहरे. मी पुन्हा लिहिलं, 'चूक माझी आहे.' कुणाचा विश्वास बसला नाही. घाण करायला एक फोटो पुरला होता, पुसायला माझे शब्द पुरेनात.

रविवारी सकाळी मी पुन्हा पार्लरमध्ये गेले. मुद्दाम गर्दीच्या वेळी. पण गर्दी नव्हती. एरवी रविवारी बाकावर जागा मिळत नाही, त्या दिवशी एकच मुलगी खुर्चीत होती, भुवया करायला आलेली. ताई तिच्यावर वाकली होती. दोऱ्याचं एक टोक दातात, उरलेला दोरा दोन्ही हातांच्या बोटांत फिरवत. मी दारातच उभं राहून बोलायला सुरुवात केली. थांबले असते तर धीर गेला असता.

"ताई, मी काल जे बोलले ते चूक होतं. मी सगळ्यांसमोर बोलले, म्हणून सगळ्यांसमोर माफी मागायला आलेय. सगळे नाहीयेत, पण…"

ताईच्या दातात दोरा होता, तिला बोलता येत नव्हतं. तिने माझ्याकडे बघितलंही नाही. दोरा चर्र चर्र चालत राहिला. मुलीच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. मी पैसे काउंटरवर ठेवले आणि तशीच उभी राहिले. एक भुवई झाली, दुसरी सुरू झाली. वर्गाबाहेर उभं केलेल्या पोरासारखी मी ती पाच मिनिटं काढली. मुलगी आरशात बघून, पैसे देऊन, माझ्या बाजूने अंग चोरून निघून गेली.

ताईने दातातला दोरा काढला. "एक भुवई करून सोडता येत नाही," ती म्हणाली.

"मला हेडबाईंनी सांगितलं."

"कळलं. मी त्यांना रागावले." तिने ड्रॉवरमधून आईचं कार्ड काढलं. मला वाटलं होतं तिने ते फाडून टाकलं असेल. "पेन्सिलचं विचारत होतात ना काल? आई म्हणतात, खूण करा, नाहीतर मी यायची नाही. फुकट झोपणार नाही म्हणतात. मग मी पेन्सिलने करते. दहा झाल्या की खोडून टाकणार होते. त्यांची झोप पुरी झाली की मग फेशियल करू, किटं कुठे जातात? एक्सपायरी पुढच्या वर्षीची आहे, तुम्हीच वाचलीत."

मला कुठे बघावं कळेना. मी त्या सहा खुणांकडे बघत राहिले. फिक्या, हलक्या हाताने केलेल्या.

"मुदत सहा महिन्यांची लिहून घेतली होती मी," मी म्हटलं. "ती खोडा."

"मुदत मी पेनने लिहिलीय. तुम्ही समोर बसला होतात." ती पहिल्यांदाच जराशी हसली, पण त्यात काही गोडवा नव्हता. "राहू द्या. आई कार्ड बघतात. बदललेलं दिसलं तर घाबरतील."

"ताई, तुमची गिऱ्हाइकं…"

"येतील. नाही आली तर नाही आली." तिने दोऱ्याचा तुकडा गुंडाळून टोपलीत टाकला. "मला एक सांगा, इतकं सगळं विचारलंत. माल कुठला, मुदत किती, काय काय मिळणार. आईंना काय हवंय ते विचारलं होतंत का?"

मी नाही म्हटलं.

"आईंना पाठवा गुरुवारी. तुम्ही येऊ नका. आणि घरी आल्यावर काही विचारू नका त्यांना."

"नाही विचारणार," मी म्हटलं. तिने हे लेखी मागितलं असतं तर मी लिहून दिलं असतं.

कार्ड परत आईच्या पर्समध्ये गेलं. त्या रात्री मी फ्रिजवरच्या वेळापत्रकातली शेवटची ओळ, दोन रेघांवाली, काट मारून टाकली. सकाळी आई फ्रिजसमोर उभी दिसली, हातात दुधाची पिशवी. तिने ती काट बघितली, मग माझ्याकडे बघितलं.

"माझं काही चुकलं का गं?"

"नाही आई. डॉक्टर म्हणाले, दुपारी झोपलीस तरी चालेल."

"नको गं," ती घाईने म्हणाली. "मला काही झोप येत नाही दुपारची."

पंधरवडा संपून गुरुवार आला. मी अर्धी रजा टाकून घरीच थांबले. आईला सांगितलं, डोकं दुखतंय. तीनला ती गेली. साडेचार झाले, पावणेपाच झाले. पाचला पाच कमी असताना दार वाजलं. आई आत आली. उजव्या गालावर टॉवेलच्या विणीचा ठसा उमटलेला, केस मागून चपटे झालेले, आणि डोळे किती तरी दिवसांनी पूर्ण उघडलेले. मी म्हटलं, "चहा टाकते. पाच वाजायचेत अजून."

तिने चप्पल काढली, पर्स खुंटीला लावली, खुर्चीवर बसली. मी चहा टाकला. काही विचारलं नाही. ओठ घट्ट मिटून धरले होते. मागे आई चुळबुळत होती, हे मला पाठ करूनही कळत होतं. तिने घसा खाकरला. मी वळले नाही. मला वाटलं, थोडं थांबलं की ती सैलावेल, दुसरंच काही बोलेल. हेडबाईंबद्दल, रस्त्याबद्दल, कशाबद्दलही.

"आज आधी क्लीन्सर लावलं," आई म्हणाली.

मी वळून बघितलं. ती खुर्चीत ताठ बसली होती, हात मांडीवर, नजर माझ्या चेहऱ्यावर.

"मग स्क्रब. मग वाफ, दहा मिनिटं. मग मसाज केला, मग पॅक. वीस मिनिटं ठेवला, मी घड्याळ बघितलं होतं." ती जरा थांबली, काही राहिलं का ते आठवत. "आणि किट माझ्यासमोरच फोडलं हो. सील होतं त्याला."

तिने एकही पायरी चुकवली नव्हती. गालावरचा ठसा अजून तसाच होता.

"बरं," मी म्हटलं, आणि तिच्यासमोर चहाचा कप ठेवला.